लोकलची गर्दी, लेकराचा घसा

आईबाबांनो, लहान मुलांची डॉक्टर म्हणून पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीत मला एक तक्रार सारखी ऐकू येते. “डॉक्टर, महिना झाला नाही की ह्याचा घसा धरतो. आइस्क्रीम बंद केलं, फ्रिजचं पाणी बंद केलं, बाहेरचं खाणं बंद केलं. तरी हेच.” मग मी विचारते की घरातून रोज लोकलने किंवा बसने कोण जातं. बहुतेक घरांत आई किंवा बाबा जातात, बऱ्याच घरांत दोघंही. “गेल्या आठवड्यात तुमचा घसा खवखवत होता का?” असं विचारलं, की दोघं एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, “हो, थोडा होता. पण कामावर गेलो.”

शाळेत जाऊ लागलेल्या लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-घसा होणं सर्वसाधारण आहे, आणि त्यातली बरीच आजारपणं ते वर्गातूनच आणतं. त्यामुळे प्रत्येक वेळी स्वतःला दोष देऊ नका. पण काही आजारपणं तुमच्या श्वासातून, तुमच्या हातांतून आणि तुमच्या फोनवरून घरी येतात, आणि ती बऱ्याच प्रमाणात थांबवता येतात. आजचं बोलणं तेवढ्यापुरतंच आहे.

डब्यात काय होतं

सकाळी डोंबिवलीहून सीएसएमटीकडे किंवा विरारहून चर्चगेटकडे निघालेल्या फास्ट गाडीत एका चौरस मीटर जागेत 14 ते 16 माणसं उभी असतात. रेल्वेच्या भाषेत त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. एक चौरस मीटर म्हणजे घरातल्या कॅरम बोर्डाहून थोडीच मोठी जागा. तेवढ्यात पंधरा माणसं उभी राहिली, की दुसऱ्याचं तोंड तुमच्या नाकापासून वीतभरावर येतं. तो माणूस खोकला, शिंकला किंवा नुसता फोनवर बोलला, तरी त्याच्या तोंडातून थुंकीचे बारीक कण उडतात. मोठे कण हातभर अंतरात कुणाच्या तरी चेहऱ्यावर किंवा कपड्यांवर पडतात. अगदी बारीक कण धुरासारखे हवेत तरंगत राहतात आणि आसपासचे सगळे ते श्वासातून आत घेतात.

उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात आणि दारातून वारा खेळतो, तेव्हा हे कण लवकर विरळ होतात. पावसाच्या सरी आत येऊ लागल्या की खिडक्या धडाधड बंद होतात आणि ओल्या छत्र्यांसह सगळे आत सरकतात. मुंबईत फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये येते आणि दुसरी छोटी लाट थंडीत. म्हणजे ज्या दिवसांत डब्यातली हवा सगळ्यात कोंदट असते, त्याच दिवसांत विषाणूही जास्त फिरत असतात. एसी लोकलची आणि एसी बसची दारं-खिडक्या बाराही महिने बंद असतात. तिथे घाम येत नाही म्हणून हवा चांगली वाटते, पण खोकणारा माणूस शेजारी असेल तर तिथेही मास्क तेवढाच लागतो.

दुसरा रस्ता हातांचा. दाराजवळचा खांब, वरचं हँडल, सीटची कड, पुलाचा कठडा, बसमधला दांडा, या सगळ्यांना दिवसभरात असंख्य हात लागतात. सर्दीचा विषाणू अशा कडक, गुळगुळीत जागेवर काही तास तग धरतो आणि फ्लूचा विषाणू तर एखाद-दोन दिवसही राहू शकतो. नुसता खांब धरल्याने कुणी आजारी पडत नाही. तो हात नाकाला, ओठांना किंवा डोळ्यांना लागतो तेव्हा विषाणूला वाट मिळते. आणि हात चेहऱ्याला किती वेळा लागतो, याची आपल्याला कल्पनाच नसते. ऑस्ट्रेलियात वैद्यकीय विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं तेव्हा ते तासाला सरासरी 23 वेळा चेहऱ्याला हात लावताना दिसले, आणि त्यातला जवळपास निम्मा स्पर्श नाक, तोंड आणि डोळ्यांना होता. डॉक्टर होऊ घातलेल्यांची ही गत, तर तासभर गाडीत घामाने भिजलेल्या माणसाचं काय होत असेल!

सोमवारच्या गाडीतून शनिवारच्या तापापर्यंत

एक घर डोळ्यांसमोर आणू या. आई डोंबिवलीहून मुंबईला नोकरीला जाते, मुलगा सहा वर्षांचा आहे आणि घरी आजी आहे. सोमवारी संध्याकाळी आईला लेडीज डब्यात चौथी सीट मिळते. समोर उभी असलेली बाई ठाण्यापर्यंत खोकत असते. कुणाचा तरी वाढदिवस असतो, म्हणून पेढ्यांचा डबा हातोहात फिरतो आणि आईही एक पेढा घेते. मग एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने फोन, असं करत ती डोंबिवलीला उतरते.

घरी दार उघडताच मुलगा कमरेला मिठी मारतो आणि आईच्या हातातून फोन काढून घेतो. आई चप्पल काढते, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवते, त्याच्या तोंडावरून हात फिरवते आणि मग हात धुवायला जाते. इथपर्यंत कुणालाही काहीही झालेलं नाही.

साध्या सर्दीच्या विषाणूला शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. बुधवारी रात्री आईचा घसा खवखवायला लागतो. गुरुवारी ती हळद-दूध घेऊन कामावर जाते. लक्षणं सुरू झाल्यावरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत माणूस सगळ्यात जास्त विषाणू बाहेर टाकतो. फ्लू असेल तर लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच तो पसरतो. बुधवार-गुरुवारच्या रात्री मुलगा आईच्या कुशीत, तिच्या तोंडासमोर तोंड ठेवून झोपतो. शनिवारी सकाळी त्याला ताप येतो आणि पुढच्या आठवड्यात आजी खोकू लागते.

या साखळीत तीन ठिकाणी मध्ये पडता आलं असतं. पहिलं ठिकाण सोमवारची गाडी, दुसरं सोमवारचं घराचं दार आणि तिसरं बुधवारची रात्र. तिन्हींसाठी वेगळी सवय आहे.

पहिली सवय : चढण्याआधी मास्क

मास्क प्लॅटफॉर्मवर उभं असतानाच घाला. गाडीत शिरल्यावर कुणी खोकलं म्हणून पर्समधून मास्क काढायचा, तर तोवर हात खांबाला लागलेला असतो आणि त्याच हाताने तुम्ही मास्कची आतली बाजू हाताळता. काढायचाही स्टेशनचा पूल उतरून मोकळ्यावर आल्यावरच, कानामागच्या नाड्या धरून. पुढच्या भागाला बोट लावू नका.

कोणता मास्क? एन-95 किंवा एफएफपी2 दर्जाचा मास्क नीट बसला, तर तुमचं सगळ्यात चांगलं संरक्षण करतो. घेताना पाकिटावर आयएसआयची खूण आणि आयएस 9473 हा क्रमांक बघा. पुढे गोल झडप असलेला मास्क घेऊ नका. त्यातून तुमचा श्वास न गाळताच बाहेर पडतो, म्हणजे तुम्ही आजारी असाल तर शेजाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. मे महिन्यात दीड तास एन-95 सोसवत नसेल, तर तीन पदरी सर्जिकल मास्क वापरा. अर्ध्या वाटेत हनुवटीवर येणाऱ्या एन-95पेक्षा शेवटपर्यंत नाकावर राहणारा सर्जिकल मास्क बरा. एका पदराचा कापडी मास्क, ओढणी किंवा रुमाल यांच्यावर फार विसंबू नका.

मास्क बसला आहे की नाही हे कळायला वेळ लागत नाही. नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या आकारात दाबा, खालची कड हनुवटीखाली ओढा आणि जोरात उच्छ्वास सोडा. गालांच्या कडेने किंवा डोळ्यांकडे गरम हवा लागली, चष्म्यावर वाफ आली, तर तिथे फट आहे. दाढी असेल तर ही फट राहतेच, हे बाबांनी लक्षात घ्यावं.

मास्कचा उपयोग वाया जातो तो बहुतेक फोनमुळे. “हं, बोल, ऐकू येत नाहीये,” म्हणत आपण मास्क खाली ओढतो आणि बोलणं संपेपर्यंत तो हनुवटीवरच राहतो. गाडीतले फोन जमेल तेवढे टाळा आणि बोलावंच लागलं तर मास्कमधूनच बोला. डब्यातला पेढा, चिक्की, सोललेली संत्र्याची फोड प्रेमाने घ्या, पण कागदात गुंडाळून घरी न्या आणि हात धुऊन खा.

घामाने किंवा पावसाने ओला झालेला मास्क गाळण्याचं काम नीट करत नाही, म्हणून पर्समध्ये एक जादा असू द्या. सर्जिकल मास्क एका दिवसाचा. संध्याकाळी तो टाकून द्या. एन-95 धुवायचा नसतो. तीन-चार मास्क ठेवा, रोज वेगळा वापरा आणि वापरलेला कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत तो ओलाच राहतो. नाड्या सैल झाल्या, आतून मळला किंवा श्वास घेणं जड जाऊ लागलं की टाकून द्या.

बाराही महिने मास्क घाला असं मी म्हणत नाही. पावसाळ्याचे महिने, थंडीतली सर्दीची लाट, घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तेव्हा, आणि तुम्ही स्वतः खोकत असाल त्या प्रत्येक दिवशी, इतकं पाळलंत तरी खूप झालं.

दुसरी सवय : आधी बेसिन, मग बाळ

गाडीत वारंवार सॅनिटायझर चोळून फारसा फायदा नाही, कारण पुढच्याच मिनिटाला हात पुन्हा हँडलवर जातो. त्याची खरी वेळ स्टेशनबाहेर पडल्यावरची, रिक्षात बसताना किंवा घराकडे चालताना. त्यात अल्कोहोल 60 टक्क्यांहून जास्त असलं पाहिजे. दोन्ही तळवे, बोटांची पेरं आणि अंगठे ओले होतील एवढं घ्या आणि आपोआप वाळेपर्यंत चोळा, त्याला वीस-एक सेकंद लागतात. थेंबभर घेऊन पाच सेकंदांत पुसून टाकलं तर काही होत नाही. शिवाय घामाने, धुळीने चिकट झालेल्या हातांवर सॅनिटायझर नीट चालत नाही, आणि मुलांना ताप, घसा आणि लाल डोळे देणाऱ्या अडेनोव्हायरससारख्या विषाणूंवर तो कमी पडतो. म्हणून घरी आल्यावर साबण-पाणी हवंच.

मूल धावत येऊन बिलगतं तेव्हा त्याला “थांब, हात लावू नकोस,” म्हणणं जड जातं. दिवसभर वाट बघणाऱ्या पोराला तसं म्हणायची गरजही नाही. त्यालाच बेसिनवर घेऊन जा. दोघांनी मिळून वीस सेकंद साबणाने हात धुवायचे, बोटांच्या मधली जागा, नखं आणि अंगठेही, आणि मग मिठी. आठवडाभरात मूलच तुम्हाला हाताला धरून बेसिनकडे नेईल. त्याचे शाळेतून आलेले हातही आपोआप धुतले जातात. साबणाने हात धुण्याची सवय समाजात रुजली, तर सर्दी-खोकल्यासारखे श्वसनाचे आजार 16 ते 21 टक्क्यांनी कमी होतात असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे साधारण पाच आजारपणांतलं एक टळतं.

आणि फोन विसरू नका. खांबाला लागलेले हात गाडीभर त्याच फोनवर फिरत असतात. तुम्ही हात स्वच्छ धुता, पण फोन तसाच मुलाच्या हातात जातो आणि मूल कार्टून बघता बघता बोट तोंडात घालतं. फोन बनवणाऱ्या कंपनीची हरकत नसेल तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पडदा, पाठ आणि कव्हर पुसा. फोनवर थेट काही फवारू नका. पुसणं जमत नसेल, तर जेवण होईपर्यंत तरी तुमचा फोन मुलाला द्यायचा नाही, एवढा नियम करा.

तिसरी सवय : आपला घसा खवखवला त्या रात्रीपासून

तिन्हींतली ही सवय मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि सगळ्यात कमी घरांत ती दिसते. स्वतःचा घसा खवखवायला लागला, नाक गळू लागलं, की त्याच क्षणी घरातही मास्क घाला. उद्यापासून बघू, असं म्हणू नका, कारण सर्वांत जास्त पसरवण्याचे दिवस हेच असतात. दोन-तीन रात्री मुलाला दुसऱ्या कडेला झोपवा. एकाच खोलीत झोपावं लागत असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांना लागतंच, तर त्याचं डोकं तुमच्या पायांकडे करा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. तुमचा पेला-चमचा वेगळा ठेवा. मुलाच्या ताटातला उरलेला घास तुम्ही खाल्लात तर चालेल, पण तुमच्या ताटातला त्याला भरवू नका. फुंकर मारून भात निववू नका.

अंगावर पाजणाऱ्या आईने पाजणं थांबवू नये. तिच्या दुधातून बाळाला रोगाशी लढणारे घटक मिळत असतात. हात धुऊन, मास्क लावून पाजावं. बाळाला मात्र मास्क लावायचा नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना मास्कची शिफारस नाही, आणि दोन वर्षांखालच्यांना तर तो धोक्याचा आहे, कारण श्वास कोंडला तरी त्यांना तो ओढून काढता येत नाही.

शक्य असेल तर ताप असताना गाडीने जाऊ नका. सगळ्यांनाच रजा मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. मग निदान त्या दिवशी मास्क काढू नका, आणि खोकला आला तर मास्क न काढता कोपराच्या वळणात खोका. तुमच्या समोर उभ्या असलेल्या बाईच्या घरीही कुणीतरी लहान असतं.

अकरावीत गेलेली, नवा पास काढून एकटी लोकलने जाऊ लागलेली मुलं याच साखळीत येतात. त्यांना घरात आजी-आजोबा किंवा धाकटी भावंडं असल्याची आठवण करून दिलीत, तर ती मास्क घालतात असा माझा अनुभव आहे. “तुला होईल” हे त्या वयाला पटत नाही, “तुझ्यामुळे आजीला होईल” हे पटतं. आणि वारा लागतो म्हणून दारात उभं राहायचं नाही, हेही त्याच बैठकीत सांगा. घशाच्या आजारापेक्षा तो धोका कितीतरी मोठा आहे.

इतकं करूनही घसा धरला तर

मुलांचे बहुतेक घसे विषाणूंमुळे धरतात आणि त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, तर बहुधा विषाणूच. पाणी, पेज, मऊ खाणं, तापाला डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेलं पॅरासिटामॉल आणि चार-पाच दिवसांचा धीर, एवढं पुरतं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो, पण लहानग्यांना गुळण्या जमत नाहीत, तिथे हट्ट नको. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला खोकल्यासाठी चमचाभर मध चालतो, त्याआधी अजिबात नाही. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली काढू नका आणि केमिस्टला विचारून गोळी आणू नका.

पण काही घसे स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूमुळे धरतात, आणि ते ओळखणं गरजेचं आहे. हा आजार मुख्यतः 5 ते 15 वर्षांच्या मुलांना होतो. एकाएकी ताप चढतो, गिळताना खूप दुखतं, डोकं किंवा पोट दुखतं, कधी उलटी होते. गळ्याच्या पुढच्या बाजूला गाठी येतात आणि हात लावला की दुखतात. टॉन्सिल लाल होतात, त्यांवर पांढरे ठिपके दिसतात. आणि खोकला-सर्दी सहसा नसते. अशा मुलाला डॉक्टरांना दाखवा. नुसतं बघून खात्री होत नाही, म्हणून ते घशाचा स्वॅब घ्यायला सांगतील. जिवाणू निघाला, तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन साधारणपणे पूर्ण 10 दिवस द्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागतं आणि औषध बंद होतं, तिथे घात होतो. अर्धवट उपचारानंतर दोन ते चार आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. आपल्या देशात अशी मुलं आजही दिसतात. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं, तर हे टाळता येतं. औषध सुरू झाल्यावर एक पूर्ण दिवस उलटला आणि ताप उतरला, की मूल शाळेत जाऊ शकतं.

काही वेळा मात्र वाट बघायचीच नाही. मुलाला लाळही गिळता येत नाही आणि ती तोंडातून गळते, श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, तोंड उघडत नाही, मान ताठ झाली आहे, आठ तासांत लघवी झालेली नाही, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला आहे, तर रात्र असली तरी लगेच दवाखान्यात न्या.

फ्लूची लस पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घेण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. ती दरवर्षी घ्यावी लागते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. रोज लोकलने जाणाऱ्या आईबाबांनीही ती घेतली, तर घरातल्या तान्ह्याला त्याचा आधार होतो, कारण सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. ही लस फक्त फ्लूला अडवते, साध्या सर्दीला नाही. मास्क आणि साबणही सगळं अडवू शकत नाहीत, आणि तुमचं मूल वर्षातून काही वेळा आजारी पडेलच. पण प्लॅटफॉर्मवर मास्क, घरी आल्यावर बेसिन आणि घसा खवखवला त्या रात्री वेगळी उशी, ही तीन कामं तुमच्या हातात आहेत. त्यातलं एखादंच जमणार असेल, तर तिसऱ्यापासून सुरुवात करा.